परदेशी विमानप्रवासातले खाद्यपदार्थ: काय सोबत राहते आणि काय काढून घेतले जाते

प्रश्न: पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच परदेशी विमानाने जायचे आहे. सोबत काही पॅकबंद आणि काही घरी केलेले खाण्याचे पदार्थ न्यायचे आहेत. कोणते चालतात आणि कोणते जप्त होतात? हातातल्या बॅगेत ठेवावेत की चेक-इन बॅगेत? ‘पाकीट सीलबंद असेल तर कोणी काही विचारत नाही’ असे एकाने सांगितले, ते खरे आहे का?

उत्तर:

ते खरे नाही. सीलबंद पाकिटाचा उपयोग होतो, पण तो फार थोड्या ठिकाणी होतो. मी विमानतळावर प्रवाशांच्या चेक-इनचे आणि सामानाचे काम अनेक वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की ज्यांचे पदार्थ गेले त्यांतील बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी झालेला असतो. खाद्यपदार्थांची तपासणी दोनदा होते आणि त्या दोन तपासण्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. निघताना जी सुरक्षा तपासणी होते तिला विमानाची काळजी असते. तेथे पदार्थ घट्ट आहे की पातळ, पूड आहे की जेली, एवढेच पाहिले जाते. तो कशापासून केला आहे याच्याशी त्या कर्मचाऱ्याला कर्तव्य नसते. उतरल्यावर सीमाशुल्क आणि जैवसुरक्षा विभागाची जी तपासणी होते तिला त्या देशातल्या गुरांची, फळबागांची आणि शेतांची काळजी असते. तेथे पदार्थ घट्ट आहे की पातळ याला महत्त्व नसते, तो कोणत्या प्राण्यापासून किंवा वनस्पतीपासून आणि कोणत्या देशातून आला आहे याला असते. त्यामुळे ‘निघताना तर जाऊ दिले होते’ हे वाक्य उतरल्यावर कोणाच्याही उपयोगी पडलेले मी पाहिलेले नाही.

सुरक्षा तपासणीचे आधी उरकून घेऊ, कारण ते तुलनेने सोपे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक ओलांडणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि त्यानंतर हातसामानातल्या द्रवांवर मर्यादा आली. बहुतेक विमानतळांवर आजही तोच नियम आहे: प्रत्येक बाटली किंवा डबी १०० मिलिलिटरपर्यंतची असावी आणि अशा सगळ्या डब्या एक लिटरच्या, पुन्हा बंद करता येणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात. काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून ही मर्यादा सैल केली आहे, पण परतीचा किंवा मधला विमानतळ तसाच असेल असे गृहीत धरू नये. लोक चुकतात ते ‘द्रव’ कशाला म्हणायचे यात. पाणी आणि सरबत द्रव आहे हे सर्वांना कळते. मात्र मध, जाम, दही, मऊ चीज, शेंगदाण्याचे लोणी, चॉकलेटचा लेप, सॉस, रस्सा आणि तेलात मुरवलेली कोणतीही वस्तू यांनाही तोच नियम लागू होतो. भांडे कलते केले की जे सरकते, पसरते किंवा भांड्याचा आकार घेते ते द्रव समजावे, म्हणजे चूक होत नाही. आणखी एक बारकावा असा की मर्यादा आतल्या ऐवजाला नसून भांड्याच्या क्षमतेला आहे. अडीचशे मिलिलिटरच्या बरणीत तळाशी दोन चमचे मध उरला असला तरी ती बरणी हातसामानातून जात नाही.

कोरडे आणि घट्ट पदार्थ, म्हणजे बिस्किटे, पाव, भाजलेले दाणे, सुकामेवा, चॉकलेट, कठीण चीज, या तपासणीतून सहसा जातात. तरीही बॅग बाजूला काढली गेली तर घाबरू नये. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी रंगाच्या दिसतात, आणि चीजचा मोठा ठोकळा किंवा एकावर एक रचलेली चॉकलेटची जाड पाकिटे पडद्यावर एक घट्ट, एकसंध नारिंगी पट्टा दाखवतात. काही स्फोटकेही तशीच दिसत असल्याने कर्मचारी बॅग उघडून पाहतो आणि बहुधा परत देतो. असे पदार्थ बॅगेत वरच ठेवले आणि ट्रेमध्ये वेगळे काढून दाखवले तर पाच मिनिटे वाचतात. पुडीचे तसे नाही. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांसाठी २०१८ च्या जून अखेरीपासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातसामानात असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि शंका मिटली नाही तर ती विमानात नेऊ देत नाहीत. मसाल्यांची, पिठांची, प्रथिनपूडीची मोठी पाकिटे म्हणून चेक-इन बॅगेतच बरी. तान्ह्या बाळाचे दूध आणि खाणे मात्र प्रवासापुरते लागेल तेवढे १०० मिलिलिटरच्या मर्यादेबाहेर नेता येते. ते वेगळे काढून दाखवावे लागते, इतकेच.

चेक-इन बॅगेत द्रवांची मर्यादा नसते, त्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने अडणारे बहुतेक पदार्थ तेथे हलवले की प्रश्न सुटतो. अपवाद थोडे आहेत, पण लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पाणी ओतताच आपोआप तापणारे जेवणाचे डबे खाद्यपदार्थ वाटतात, पण त्यांच्या तळाशी असलेली रासायनिक पुडी उष्णतेबरोबर ज्वलनशील वायूही सोडते, म्हणून विमान कंपन्या ते सहसा हातसामानातही घेत नाहीत आणि चेक-इनमध्येही घेत नाहीत. वाळलेले खोबरे तेलकट असल्याने साठ्यात आपोआप तापू शकते आणि आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे; चेक-इन बॅगेतून ते बाहेर काढलेले पाहून चकित झालेले अनेक प्रवासी मला आठवतात. अख्ख्या नारळाला ही हरकत नसते. गोठवलेल्या पदार्थांसोबत कोरडा बर्फ ठेवायचा असेल तर प्रत्येकी अडीच किलोपर्यंतच, वायू बाहेर पडू शकेल अशा डब्यात आणि कंपनीची परवानगी आधी घेऊन ठेवता येतो.

आता दुसरी तपासणी. दंड होतो तो येथे.

या तपासणीचे कारण कळले की नियम पाठ करण्याची गरज उरत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. लाळ्या-खुरकत हा गुरे, मेंढ्या आणि डुकरांचा रोग माणसाला सहसा होत नाही, पण त्याचा विषाणू कच्च्या किंवा नुसत्या खारवलेल्या मांसात आणि दुधाच्या काही पदार्थांत तग धरतो. आफ्रिकी स्वाइन फीव्हरचा विषाणू तर खारवलेल्या व वाळवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकतीची जी साथ आली तिच्यात साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि तिचे सर्वांत संभाव्य कारण असे मानले गेले की बेकायदा आयात झालेले मांस उष्ट्या-खरकट्यातून एका डुक्करपालन केंद्रावर पोहोचले. प्रवाशाने अर्धे खाऊन कचरापेटीत टाकलेल्या सॉसेजचा प्रवास तेथेच संपेल याची खात्री कोणताही देश देऊ शकत नाही. म्हणूनच पाकीट सीलबंद आहे, व्हॅक्युम पॅक आहे, महागड्या दुकानातले आहे, या गोष्टींनी मांसाच्या बाबतीत काही फरक पडत नाही. सील बाहेरची हवा आत जाऊ देत नाही, पण आत आधीच असलेल्या विषाणूचे त्याने काही बिघडत नाही.

एक उदाहरण घेऊन युरोपीय संघाचे नियम तपशिलात पाहू, कारण ते लेखी स्वरूपात बरेच स्पष्ट आहेत. समजा, एक प्रवासी संघाबाहेरच्या देशातून निघून फ्रँकफर्टला उतरणार आहे आणि त्याच्या सामानात पुढील वस्तू आहेत: अर्धा किलो मधाची बरणी, चारशे ग्रॅम कठीण चीजचे सीलबंद पाकीट, वाळवलेल्या सॉसेजचे एक पाकीट, बाळाच्या दुधाच्या पावडरचा नऊशे ग्रॅमचा डबा, चॉकलेट व बिस्किटे, सूपच्या वड्या, चार सफरचंदे, दोन केळी आणि वाटेत खाण्यासाठी घरी केलेले हॅमचे सँडविच.

मधाची बरणी हातसामानात असेल तर ती निघतानाच काढून घेतली जाईल, कारण ती १०० मिलिलिटरच्या वरची आहे. चेक-इनमध्ये असेल तर फ्रँकफर्टलाही चालेल, कारण मध माणशी दोन किलोपर्यंत नेता येतो. चीजची कथा नेमकी उलटी आहे. सुरक्षा तपासणीत कठीण चीज घट्ट पदार्थ म्हणून निमूट पुढे गेले, पण उतरल्यावर ते दुग्धजन्य पदार्थ ठरते, आणि संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला स्वित्झर्लंड, नॉर्वे यांसारखे मोजके शेजारी देश सोडले तर मांस आणि दूध यांचे पदार्थ थोड्या प्रमाणातही नेता येत नाहीत. सॉसेजही त्याच कारणाने जप्त होते आणि सँडविच हॅममुळे जप्त होते. सँडविचचे काय करायचे याचे उत्तर सोपे आहे: ते विमानातच संपवावे, उरलेले विमानातच टाकावे.

बाळाच्या दुधाची पावडर ही दुधाचीच असली तरी तिला सूट आहे, मात्र अटींसह. ती उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी नसावी, कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये असावी, डबा फोडलेला नसावा किंवा चालू वापरातला असावा, आणि एकूण वजन दोन किलोपर्यंत असावे. सीलचा खरा उपयोग होतो तो अशा ठिकाणी: तो परवानगी मिळवून देत नाही, परवानगी असलेल्या वस्तूची ओळख पटवून देतो. हीच पावडर पिशवीत मोकळी बांधून नेली तर ती नक्की कसली पांढरी पूड आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रवाशावर येते, आणि विमानतळावर ते सिद्ध करण्याचे साधन कोणाकडे नसते.

चॉकलेट, बिस्किटे, पाव आणि साधे केक यांत दूध-अंडी असली तरी, आत मांस भरलेले नसेल तर, ते चालतात. अंतिम ग्राहकासाठी पॅक केलेल्या सूपच्या वड्या आणि स्वाद यांनाही सूट आहे. मासे हा अनेकांना आश्चर्याचा धक्का देणारा विषय आहे: चीजचा तुकडा नको म्हणणारा हाच संघ साफ केलेले मासे वीस किलोपर्यंत आणू देतो, कारण माशांतून गुरांचा रोग पसरत नाही. फळांचा नियम १४ डिसेंबर २०१९ पासून कडक झाला आहे. ताज्या फळभाज्यांसाठी निघणाऱ्या देशाच्या वनस्पती विभागाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि त्यातून अननस, नारळ, ड्युरियन, केळी व खजूर ही पाच फळेच वगळली आहेत. त्यामुळे आपल्या प्रवाशाची केळी राहतील आणि सफरचंदे जातील. एका प्रवाशाने पिकनिकसाठी चार सफरचंदे नेण्याकरता प्रमाणपत्र काढावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. व्यवहारात याचा अर्थ सफरचंदे नेऊ नयेत, एवढाच.

ब्रिटन आता या संघात नाही, हे विसरून अनेक जण दोन्हींना एकच नियम लावतात. १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांनाही गाय, मेंढी, शेळी आणि डुकराचे मांस व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई केली, कारण त्या वर्षाच्या सुरुवातीला जर्मनीत आणि नंतर हंगेरी व स्लोव्हाकियात लाळ्या-खुरकत आढळली होती. नियम असे रोगाच्या बातमीबरोबर बदलतात. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकाचा सल्ला ऐकून घ्यावा, पण सामान भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचे ताजे पान स्वतः वाचावे.

हीच बॅग अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला नेली तर चित्र बदलते आणि काही ठिकाणी उलटेही होते. युरोपात दोन किलोपर्यंत चालणारा मध न्यूझीलंडमध्ये अजिबात चालत नाही, कारण तेथे मधमाश्यांचे बाहेरचे रोग येऊ नयेत म्हणून मध आणि मधमाश्यांपासून मिळणाऱ्या वस्तूंवर पूर्ण बंदी आहे. अमेरिकेत पुष्कळ देशांतले कठीण चीज सामान्यतः चालते, जे फ्रँकफर्टला जप्त झाले असते. उलट ज्या देशांत खापरा भुंगेरा ही साठ्यातल्या धान्याची कीड आढळते त्या देशांतून प्रवाशाच्या सामानात आलेला तांदूळ अमेरिकेत अडवला जातो, मग तो कितीही स्वच्छ आणि कोणत्याही ब्रँडचा असो. या किडीची अळी अन्नाशिवाय दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकते आणि पोत्याच्या शिवणीत किंवा भिंतीच्या फटीत दडून बसते, त्यामुळे ती एकदा कोठारात शिरली की काढणे फार कठीण जाते. अर्धा किलो तांदळासाठी इतका आटापिटा का, असे वाटणाऱ्यांसाठी हे कारण पुरेसे आहे. लिंबूवर्गीय झाडांची ताजी पाने, पेरता येतील असे बी-बियाणे आणि माती चिकटलेले कंदही अशाच कारणांनी जवळजवळ सर्वत्र काढून घेतले जातात.

या तीन देशांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पदार्थापेक्षा वेगळी आहे, आणि ती म्हणजे घोषणा. उतरण्यापूर्वी किंवा उतरल्यावर जे घोषणापत्र भरायचे असते, कागदावर किंवा ऑनलाइन, त्यात ‘तुमच्याजवळ कोणतेही खाद्यपदार्थ आहेत का’ असा प्रश्न असतो. येथे ‘कोणतेही’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. बिस्किटाचा पुडा असला तरी ‘हो’ लिहावे. ‘हो’ लिहिले म्हणजे पदार्थ गेला असे नाही. अधिकारी पाहतो, चालणारे परत देतो आणि न चालणारे ठेवून घेतो. घोषित केलेली वस्तू बंदीची निघाली तर सामान्यतः फक्त ती वस्तू जाते, पण तीच वस्तू ‘नाही’ लिहून सापडली तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी होणारा दंड ४०० न्यूझीलंड डॉलर आहे. अमेरिकेत कृषी वस्तू लपवल्याबद्दलचा दंड १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

ऑस्ट्रेलियातले एक प्रकरण यासाठी फार बोलके आहे. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत वास घेणाऱ्या कुत्र्याला दोन अंडे-सॉसेजची मफिन सँडविचेस आणि एक हॅमचे क्रोसाँ सापडले. त्याने ते घोषित केले नव्हते. इंडोनेशियात तेव्हा लाळ्या-खुरकतीची साथ चालू होती आणि ऑस्ट्रेलियाने तपासणी नुकतीच कडक केली होती. त्याला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. तस्करीची कल्पना त्याच्या मनातही नसावी. सकाळी विमानतळावर घेतलेला आणि न संपलेला नाश्ता त्याने पिशवीत टाकला होता, इतकेच. असेच २०१८ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला उतरलेल्या एका प्रवासिनीला विमानातच नाश्त्यासाठी मिळालेले सफरचंद बॅगेत ठेवून घोषित न केल्याबद्दल ५०० डॉलर दंड झाला. विमानात मिळालेले अन्न विमानाबरोबर मागे ठेवायचे असते, सोबत उतरवायचे नसते. तपासणी कक्षाच्या आधी जागोजागी मोठ्या कचरापेट्या ठेवलेल्या असतात; शंका असलेली वस्तू तेथे टाकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आता घरी केलेल्या पदार्थांविषयी. येथे अडचण चवीची किंवा स्वच्छतेची नसते, ओळखीची असते. लेबल नसलेल्या डब्यात काय आहे हे अधिकाऱ्याला फक्त तुमच्या सांगण्यावरून आणि डोळ्यांनी दिसेल त्यावरून ठरवायचे असते. भाजलेला, तळलेला किंवा ओव्हनमध्ये पूर्ण शिजलेला कोरडा पदार्थ, ज्यात मांस नाही आणि ताजे दूध, सायी किंवा मऊ चीज नाही, तो बहुतेक ठिकाणी सुटतो. ज्यात हे घटक आहेत त्याची शक्यता कमी होत जाते, आणि केकमध्ये ताज्या सायीचे थर असतील तर ब्रिटनसारख्या ठिकाणी तोही दुग्धजन्य पदार्थात मोजला जातो. माझा सल्ला असा असतो की प्रत्येक पदार्थ वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवावा आणि त्यावर चिठ्ठी लावावी: नाव, मुख्य घटक, शिजवलेला आहे की कच्चा, शक्य असेल तर इंग्रजीत. ही चिठ्ठी म्हणजे परवाना नव्हे, पण अधिकाऱ्याला पाच प्रश्नांऐवजी एक विचारून काम भागते. सगळे पदार्थ एकाच मोठ्या डब्यात एकत्र भरले तर एका शंकास्पद वस्तूमुळे संपूर्ण डबा अडकतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

दुकानातून घेतलेल्या पाकिटांबाबत मूळ पॅकिंग टिकवावे. जागा वाचवण्यासाठी बाहेरचे खोके फेकून आतली पिशवी तेवढी ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि त्यात घटकांची यादी नेमकी खोक्याबरोबर जाते. झटपट नूडल्सचे उदाहरण घ्या. कोरड्या शेवया कोणालाच नको नसतात, पण मसाल्याच्या पुडीत मांसाचे वाळवलेले तुकडे असतील तर काही देश पूर्ण पाकीट काढून घेतात; केवळ मांसासारखा स्वाद असेल आणि यादीत मांस नसेल तर सुटका होते. हा निर्णय पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवर होतो, पुढच्या चित्रावर नाही.

काही वस्तू रोगामुळे नव्हे तर कायद्यामुळे बंदीच्या असतात, आणि त्यांच्याबाबत गंमत म्हणूनही धोका पत्करू नये. खसखस संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते. तिचे दाणे वर शिंपडलेला पावदेखील तेथे नेऊ नये. गांजाच्या झाडापासून काढलेल्या तेलाची चॉकलेटे किंवा जेली, जी काही देशांत दुकानांत खुली मिळते, ती दुसऱ्या देशात थेट गुन्हा ठरू शकते. सिंगापूरने च्युइंगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी घातली आहे. या वस्तूंसाठी ‘घोषित केले तर फक्त जप्त होते’ हा हिशोब लागू नाही.

मधला विमानतळ हा आणखी एक विषय, ज्याकडे तिकीट काढताना कोणी पाहत नाही. संक्रमणाच्या ठिकाणी सुरक्षा तपासणी बहुतेकदा पुन्हा होते. पहिल्या विमानतळावर करमुक्त दुकानातून घेतलेली सिरपची बाटली किंवा मोठी जामची बरणी दुकानदाराने दिलेल्या सीलबंद सुरक्षा पिशवीत, पावतीसह आणि न फोडता असेल तरच तिला पुढे नेण्याची संधी असते. प्रवासात ती पिशवी फोडली की ती बरणी पुन्हा साधा द्रव होते. शिवाय अमेरिकेत सामान सहसा पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीतून न्यावे लागते, पुढे देशांतर्गत विमान असले तरी. त्यामुळे ‘माझे सामान तर थेट शेवटच्या शहरात मिळणार’ असे समजून चेक-इन बॅगेतल्या वस्तू हातातल्या घोषणापत्रात न लिहिणाऱ्यांची तेथे पंचाईत होते. घोषणा ही दोन्ही बॅगांसाठी एकच असते. दुसऱ्याने भरून दिलेल्या बॅगेत काय आहे हेही तुम्हालाच माहीत असावे लागते. ‘आईने भरले, मला माहीत नव्हते’ याला स्पष्टीकरण म्हणून किंमत नसते.

शेवटी, एखादी वस्तू अडवलीच तर काय करता येते ते. सुरक्षा तपासणीत अडलेली वस्तू असेल तर वेळ हाताशी असताना परत जाऊन ती चेक-इन सामानात टाकण्याची किंवा सोडायला आलेल्या माणसाच्या हाती देण्याची विनंती करता येते. बॅग आधीच पट्ट्यावर गेली असेल तर मात्र बरणी सोडून द्यावी लागते. जैवसुरक्षेत अडलेल्या वस्तूसाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कधी कधी तिच्यावर प्रक्रिया करून घेणे किंवा ती परत पाठवणे असा पर्याय दिला जातो, पण खर्च प्रवाशाने करायचा असतो आणि तो बहुधा पदार्थाच्या किमतीपेक्षा जास्त निघतो. बहुतेक लोक वस्तू सोडून देणारा कागद सही करून देतात. तो कागद सही करण्यापूर्वी एकदा वाचावा, कारण त्यात वस्तू स्वेच्छेने सोडली असे लिहिले आहे की अघोषित वस्तू सापडल्याची नोंद आहे, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकारची नोंद पुढच्या भेटीत तुमच्या नावापुढे दिसू शकते.